वाऱ्यानं कॉलमला किती टन येतात?

वीस मजली इमारतीवर आडवा वारा आदळतो, तेव्हा तिच्या कॉलममध्ये नेमकं काय होतं? कॉलम थोडे वाकतात, हे कुणीही सांगेल. पण उंच इमारतीत त्याहून मोठी गोष्ट घडते. वाऱ्याकडच्या बाजूचे कॉलम वर ओढले जातात आणि पलीकडच्या बाजूचे खाली दाबले जातात. कॉलमच्या लांबीच्या दिशेनं येणारं हे ओढणं-दाबणं म्हणजे अक्षीय बल. कॅन्टिलिव्हर पद्धत हे बल आधी काढते आणि बाकीचा सगळा हिशेब त्याच्या मागून येतो.

भिंतीतून बाहेर काढलेला सज्जा मनातल्या मनात उभा करून पाहा. तो एका टोकाला पक्का आहे आणि दुसऱ्या टोकाला मोकळा. एका बाजूनं ढकलला, की त्या बाजूला ताण येतो आणि विरुद्ध बाजूला दाब. मधे कुठेतरी एक रेषा असते, तिथे दोन्ही शून्य. तिच्यापासून जितकं दूर जावं तितकी बलाची तीव्रता वाढते. अख्खी इमारत असा एकच उभा दांडा आहे असं मानायचं आणि त्यातला ताण-दाब कॉलमांनी आपापल्या अंतराप्रमाणे वाटून घेतला असं धरायचं. ही कल्पना ए. सी. विल्सन यांनी १९०८ मध्ये मांडली. अमेरिकेत तेव्हा पोलादी सांगाड्याच्या उंच इमारती उभ्या राहत होत्या आणि हार्डी क्रॉस यांची सुप्रसिद्ध मोमेंट वाटपाची पद्धत प्रसिद्ध व्हायला अजून बावीस वर्षं होती.

एक उदाहरण शेवटपर्यंत करू. तीन-तीन मीटरचे वीस मजले, म्हणजे उंची ६० मीटर. रुंदीत चार कॉलम आहेत. दोन्ही कडांना ६ मीटरच्या खोल्या आणि मधे ३ मीटरचा बोळ, म्हणजे एकूण रुंदी १५ मीटर. अशा चौकटी एकमेकींपासून ५ मीटरवर आहेत. त्यामुळे एका मजल्याची १५ चौरस मीटर भिंत एका चौकटीच्या वाट्याला येते. तिच्यावर वाऱ्याचा जोर २ टन धरू. गच्चीच्या पातळीला भिंत निम्मीच, म्हणून तिथे १ टन. हा आकडा हवेतला नाही. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो आणि उंचीबरोबर तो वाढतो.

या चौकटीत नुसत्या समतोलाच्या समीकरणांनी न सुटणारी १८० अज्ञातं आहेत. म्हणून दोन गृहीतं घ्यायची. पहिलं असं, की प्रत्येक बीम आणि प्रत्येक कॉलम आपल्या मध्यावर वाकण्याची दिशा बदलतो, त्यामुळे तिथे मोमेंट शून्य. ६० बीम आणि ८० कॉलम मिळून १४० अटी झाल्या. दुसरं गृहीत अंतराच्या प्रमाणाचं. ते दर मजल्याला दोन नव्या अटी देतं, म्हणजे ४०. बेरीज बरोबर १८०! पद्धत अंदाजाची असली तरी तिचा हिशेब कुठेही अर्धवट राहत नाही.

आता तळमजल्याचे चारही कॉलम त्यांच्या मध्यावर, जमिनीपासून दीड मीटरवर, कापले आहेत असं समजा. वरच्या सगळ्या वाऱ्याचा या पातळीभोवतीचा मोमेंट काढायचा. प्रत्येक मजल्याचा भार त्याच्या उंचीनं गुणून बेरीज केली, की ११४१.५ टन-मीटर येतात. चारही कॉलम सारख्या जाडीचे असतील तर शून्य रेषा मधोमध पडते. बाहेरचे कॉलम तिच्यापासून ७.५ मीटरवर आहेत, आतले १.५ मीटरवर. अंतराचं प्रमाण पाचास एक, म्हणून बलाचंही तेच. बाहेरच्या कॉलममधलं बल P धरलं तर बाहेरची जोडी १५P इतका मोमेंट पेलते आणि आतली जोडी अवघा ०.६P. ११४१.५ ला १५.६ नं भागलं, की बाहेरच्या कॉलमला ७३.२ टन आणि आतल्याला १४.६ टन मिळतात. वाऱ्याकडे ताण, पलीकडे दाब.

बाहेरच्या कॉलमवर मजल्यांचं वजन साधारण ३०० टन आहे असं धरू. मग पलीकडच्या कॉलमला एकूण ३७३ टन पेलायचे आहेत. वाऱ्याकडचा कॉलम मात्र ओढला जाऊनही दाबातच राहतो, त्याचा पाया उचलला जात नाही. उंच, अरुंद आणि हलक्या इमारतीत हे वजन पुरत नाही, तेव्हा पाया जमिनीत नांगरावा लागतो.

पुढचा भाग मला या पद्धतीत सगळ्यात देखणा वाटतो. हाच छेद एक मजला वर घ्यायचा. तिथे मोमेंट १०२७.५ आणि बाहेरच्या कॉलममधलं बल ६५.९ टन. मग खालचे जादा ७.३ टन आले कुठून? मधल्या पातळीवर कॉलमला जोडलेला एकच बीम आहे, म्हणजे ते त्यानंच आणून दिले. हाच त्या बीमचा शिअर. त्याला अर्ध्या गाळ्यानं, ३ मीटरनं, गुणलं की बीमच्या टोकाचा मोमेंट जवळपास २२ टन-मीटर मिळतो. तो मोमेंट वरच्या आणि खालच्या कॉलममध्ये वाटला, की कॉलमचा शिअर हाती येतो. आपल्या चौकटीत तळमजल्याच्या बाहेरच्या कॉलमला ७.५ टन आणि आतल्याला १२ टन येतात. चौघांची बेरीज ३९, आणि वरून आलेला सगळा वाराही ३९ टनच. ही बेरीज जुळली नाही, तर वर कुठेतरी वजाबाकी चुकली असं खुशाल समजावं.

नेहमी होणारी चूक मात्र या बेरजेत सापडत नाही. अंतराच्या प्रमाणात असते ती दर चौरस सेंटिमीटरवरची तीव्रता, अख्खं बल नव्हे. आतले कॉलम बाहेरच्यांच्या दुप्पट क्षेत्रफळाचे असतील, तर त्यांचं बल १४.६ वरून २८.२ टनांवर जातं आणि बाहेरचं ७०.५ वर उतरतं. क्षेत्रफळ विसरलं तरी उभी-आडवी बेरीज जुळतेच, त्यामुळे चूक लपून राहते.

गृहीतं खरी किती, हेही पाहायला हवं. तळाशी कॉलम पायात घट्ट बसवलेला असेल तर शून्य मोमेंटचा बिंदू मध्यावर राहत नाही, वर सरकतो. तो २ मीटरवर गेला असं धरा. बाहेरच्या कॉलमचं अक्षीय बल ७३ चं ७२ होतं, म्हणजे जेमतेम फरक. पण त्याच्या पायथ्याचा मोमेंट ११.२५ वरून १५ टन-मीटरवर, म्हणजे एक तृतीयांशानं, वाढतो. म्हणून या पद्धतीच्या अक्षीय बलांवर जास्त भिस्त ठेवावी, मोमेंटवर कमी.

बुटक्या, रुंद चौकटीत कॉलम असे एकदिलानं दांड्यासारखे वागत नाहीत, तिथे पोर्टल पद्धत घ्यावी. लिफ्टभोवती काँक्रीटच्या शिअर वॉल असतील तर बराचसा वारा त्याच पेलतात, आणि नुसत्या चौकटीचा हा हिशेब तिथे लागू पडत नाही.

आज अशी चौकट संगणकावर क्षणात सुटते. तरीही तळमजल्याच्या कडेच्या कॉलमचा हा एक भागाकार तरुण इंजिनिअरांनी आधी कागदावर करावा. संगणकानं ७० च्या आसपासचा आकडा दिला तर पुढे जावं. ३५ दिला तर आधी वाऱ्याचे भार, टेकू आणि कॉलमची मापं नीट भरली आहेत का, ते तपासावं.