घट कोणाच्या खात्यात?

देवळीच्या जिनिंगच्या आवारात पडलेला कापसाचा ढीग जिनवाल्याच्याच मालकीचा असतो असं नाही. भारतीय कपास निगम (सीसीआय) हमीभावाने कापूस विकत घेतं. जिन मात्र खासगी, निविदेतून ठरवलेलं. त्यातून रुईच्या गाठी आणि सरकी निगमालाच परत मिळते आणि जिनवाल्याला कामाची मजुरी. 1972 पासून राबवलेल्या एकाधिकार खरेदीतही सरकारी कापूस असाच खासगी जिनांतून सरकी काढून यायचा. संपादकांनी मला मजुरीचा दर विचारायला धाडलं होतं. तिथे गेल्यावर कळलं की खरा वाद दराचा नाही, घटीचा आहे.

हिशेब साधा दिसतो. शंभर क्विंटल कापसातून 34 क्विंटल रुई निघाली, तर 170 किलोच्या वीस गाठी होतात. सरकी 64 क्विंटल, आणि उरलेले दोन क्विंटल काडीकचरा नि घट.

उतारा ठरतो डबल रोलर जिनवर. दोन चामडी रोलर फिरतात आणि प्रत्येकाला एक स्थिर सुरी टेकलेली असते. रोलरच्या खाचा तंतू धरून सुरीखालून ओढतात. सरकीला तिथून जाता येत नाही आणि वरखाली हलणारी पट्टी तिला ठोकून सोडवते. रोलर घासला की खाचा उथळ होतात, पकड ढिली पडते आणि तंतू सरकीलाच चिकटून खाली पडतो. हे कसं ओळखता, असं एका फिटरला विचारलं. तो म्हणाला, ''सरकीलेच इचारा ना, थे सांगते.'' त्याने मूठभर सरकी तळहातावर पसरली. तिच्यावर लांब पांढरे धागे लोंबत होते.

अशी एक क्विंटल रुई सरकीबरोबर गेली, तर एकूण वजन तेवढंच भरतं. पण रुई दीडशे रुपये किलो आणि सरकी पस्तीस धरली, तर साडेअकरा हजारांचा फटका बसतो.

ओलाव्याचं गणित याहून चिवट आहे. निगम 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देतं आणि 12 टक्क्यांपर्यंत भाव कापून कापूस घेतं. 12 टक्क्यांच्या शंभर क्विंटलात कोरडा माल 88 क्विंटल. तो ढिगात वाळून 8 टक्क्यांवर आला की वजन सुमारे 95.65 क्विंटल राहतं. म्हणजे चार क्विंटलांहून जास्त माल हवेत गेला आणि कुणी चोरलेला नाही. भावातली कपात पैशांत झाली, पण वहीत आवक शंभर क्विंटलच लिहिलेली असते. घट ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की मागणी जिनवाल्याकडे येते.

मग उपाय पाण्याचा. फार कोरडी रुई प्रेसमध्ये नीट दबत नाही, म्हणून थोडं पाणी मारणं ही रीतच आहे. त्याच पाण्याने वजनाचा खड्डाही बुजतो, आणि गाठ सूतगिरणीत उघडेपर्यंत ते कळत नाही. जास्त भिजलेली रुई तोवर आतून पिवळी पडू लागते. गाठ बांधताना वजनाशेजारी ओलाव्याचाही आकडा लिहिला, तर हा झगडा निम्मा मिटेल असं मला वाटतं. पण त्यासाठी आवकेच्या दिवशीही दोन्ही बाजूंनी एकाच मापकाचा आकडा मान्य करावा लागेल, आणि ढिगाच्या वरचा कापूस आणि तळाचा कापूस एकच आकडा दाखवत नाहीत.