खर्जातला गांधार

तंबोऱ्याला तारा चार. त्या पंचम, षड्ज, षड्ज आणि खर्जात लावलेल्या असतात, गांधारात एकही नाही. तरीही जुळलेला तंबोरा छेडला की गांधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो खर्जाच्या तारेतून येतो आणि बोटाने वेगळा काढून दाखवता येतो.

समजा, घोडीपासून अटीपर्यंत तार १०० सेंटिमीटर आहे आणि खर्ज ७० हर्ट्झवर, म्हणजे काळी एकच्या आसपास लावला आहे. छेडल्यावर तारेवरून तरंग दोन्हीकडे धावतात आणि बांधलेल्या टोकांवर आपटून परततात. जाणारे व येणारे तरंग एकमेकांत मिसळून स्थिर तरंग तयार होतो. टोके हलू शकत नाहीत, म्हणून तारेत पूर्ण संख्येनेच फुगे मावतात: एक, दोन, तीन, अडीच कधीच नाही.

एक फुगा म्हणजे अर्धी तरंगलांबी. विद्यार्थी इथेच चुकतात, तारेची लांबी हीच तरंगलांबी धरतात आणि वेग निम्माच काढतात. एका फुग्यासाठी तरंगलांबी २०० सेंटिमीटर, म्हणून तरंगाचा वेग २ × ७० = १४० मीटर प्रतिसेकंद. तार तीच, ताण तोच, म्हणून हा वेग सगळ्या फुग्यांना सारखाच.

आता पाच फुगे घ्या. प्रत्येक २० सेंटिमीटरचा, तरंगलांबी ४०. वेगाला ०.४ मीटरने भागले की ३५० हर्ट्झ. चार फुग्यांचा सूर २८० हर्ट्झ, तो षड्जच. ३५० भागिले २८० म्हणजे पाच चतुर्थांश, अगदी शुद्ध गांधार!

पडताळा घ्यायचा तर जवारीचा दोरा बाजूला करा. घोडीपासून २० सेंटिमीटरवर तारेला बोट नुसते टेकवा, दाबू नका. १० सेंटिमीटरवर छेडा आणि बोट लगेच उचला. जिथे बोट होते, तिथे पाच फुग्यांचा निस्पंद बिंदू आहे. तो तसाही हलत नाही, म्हणून गांधार वाचतो आणि खर्ज विझतो. सूर उमटलाच नाही, तर बोट चार-पाच मिलिमीटर सरकवून पाहा.

नियमानुसार तार जिथे छेडाल, तिथे निस्पंद असलेले संनादी उमटू नयेत. बरोबर मध्यावर छेडली तर सम संख्येचे सगळे गायब व्हायला हवेत. पण सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवले की तंबोरा हा नियम पाळत नाही. त्याची घोडी रुंद आणि किंचित वक्र असते, तार कंपताना तिला पुन्हा पुन्हा टेकते आणि त्या टेकण्यातून हरवलेले संनादी परत जन्मतात.

हार्मोनियम समान सप्तकात लावलेला असेल, तर त्याचा गांधार इथे ३५२.८ हर्ट्झवर येतो. दोन्ही एकत्र वाजवा: सेकंदाला जवळपास तीन डोल मोजता येतील.