हजाराव्या गिऱ्हाइकाचे आभार

दिवाळीत लक्ष्मीपूजन झाले, की दुकानदार गिऱ्हाइकाच्या हातावर लाह्या-बत्तासे ठेवतो. वर्षभर आमच्या दुकानाची पायरी चढलात, त्याची ही आठवण, असा त्याचा अर्थ. तोंडाने फारसे कोणी बोलत नाही. पण गिऱ्हाइकाला ते कळते.

आता दुकाने फोनवरही आली आहेत. गोंदिया जिल्ह्यात घरी तांदळाचे पापड करून विकणाऱ्या बाया आपल्या मालाचे फोटो फोनवर टाकतात. पाहणाऱ्याला ते आवडले, तर तो 'फॉलो' हे बटण दाबतो. म्हणजे, 'तुमचे नवे काही आले तर मला दाखवा,' असे तो सांगतो. अशी माणसे १००० झाली, की दुकानाला वाटते, सगळ्यांचे आभार मानावेत. वाटणे योग्यच आहे. पण हा चार ओळींचा निरोप घाईने लिहिला, तर गाठीचे पैसे जातात नि गिऱ्हाईकही रागावते. ते कसे, हे आपण एका उदाहरणाने पाहू.

समजा, तिरोडा तालुक्यातल्या एका बाईचे असे पापडाचे दुकान आहे. एक पुडा ६० रुपयांना विकला जातो. तांदूळ, मीठ, पापडखार, सरपण, पिशवी आणि मदतीला येणाऱ्या बाईची मजुरी मिळून पुड्याला ४५ रुपये खर्च येतो. हाती राहतात १५ रुपये. फोनवर १००० चा आकडा दिसला आणि बाईला फार आनंद झाला. आनंदाच्या भरात तिने लिहिले:

"धन्यवाद! धन्यवाद! आपण १००० झालो! सर्वांना एक पुडा मोफत! हा निरोप दहा जणांना पाठवा आणि खालची लिंक दाबा."

आता यात काय काय चुकले, ते पाहा.

पहिली चूक हिशेबाची. एक पुडा फुकट म्हणजे ४५ रुपये गेले. हजार माणसे मागायला आली, तर ४५,००० रुपये जातील. सगळे येणार नाहीत, हे खरे. पण शंभर जण आले, तरी ४,५०० रुपये होतात. तेवढे पैसे परत मिळवायला बाईला ३०० पुडे विकावे लागतील. आणि 'संपले' म्हणून शंभराव्या माणसाला परत पाठवले, तर तो गावभर सांगेल, की बाई बोलते एक नि करते एक.

दुसरी चूक त्या लिंकची. 'बक्षीस लागले, लिंक दाबा, दहा जणांना पाठवा' असेच निरोप ठग लोक पाठवतात. त्यात कितीकांचे पैसे बुडाले आहेत. म्हणून शहाणा माणूस असा निरोप उघडतच नाही. खऱ्या दुकानाने ठगाची भाषा का वापरावी? आभाराच्या निरोपात लिंक नको. ओटीपी, बँकेचा नंबर, आगाऊ पैसे यांतले काहीही मागू नये. उलट, 'आम्ही हे कधीच मागत नाही' अशी एक ओळ लिहावी. मग उद्या कोणी आपल्या दुकानाच्या नावाने खोटा निरोप पाठवला, तर गिऱ्हाईक सावध राहील.

तिसरी चूक लवकर ध्यानात येत नाही. फॉलो करणारी माणसे हजार आहेत; पण ती सगळी गिऱ्हाइके आहेत काय? काही पुण्या-मुंबईची आहेत. काहींनी नुसता फोटो पाहून बटण दाबले. आणि जी म्हातारी आई पहिल्या वर्षापासून दर महिन्याला दोन पुडे नेते, तिच्याजवळ साधा फोन आहे. हजारात ती मोजलेलीच नाही! पण दुकान उभे राहिले ते तिच्यासारख्यांच्या पैशावर. फोनवाल्याला भेट आणि तिला काहीच नाही, हे तिला कळले तर तिच्या मनाला लागेल. म्हणून फोनवरचाच निरोप मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दुकानाच्या दाराला लावावा. भेट दोघांनाही सारखीच द्यावी.

मग भेट द्यावी तरी कोणती? बाईने कागद-पेन्सिल घेऊन बसावे. चार पुडे घेणाऱ्याला पाचवा फुकट दिला तर? चार पुड्यांवर सुटतात ६० रुपये. पाचव्याचा खर्च ४५ रुपये. तरीही १५ रुपये उरतात. कितीही माणसे आली, तरी गाठचे जात नाही. फक्त माल पुरला पाहिजे. घरात ३२० पुडे तयार असतील, तर प्रत्येकी पाच या हिशेबाने ६४ माणसांना पुरतील. पासष्टाव्याचे काय? त्याचे नाव वहीत लिहून घ्यावे आणि माल कधी देणार, तो दिवस सांगावा. ही गोष्ट निरोपातच आधी सांगितली, म्हणजे भांडण होत नाही.

येथे ऋतूही पाहावा लागतो. तांदळाच्या पापडाला कडक ऊन हवे. आमच्याकडे मृगापासून आभाळ भरते, अंगणात वाळवण घालता येत नाही. हजाराचा आकडा आषाढात भरला, तर त्या दिवशी नुसते आभार मानावेत. भेट मंडईच्या दिवसांत किंवा उन्हाळ्यात जाहीर करावी. आकडा कोठे पळून जात नाही.

आता बाईने नव्याने लिहिलेला निरोप वाचा:

"नमस्कार. आमचे पापड फोनवर पाहणारे आता १००० झाले. दुकानात येऊन नेणारे तुम्ही त्याच्याही आधीपासून आहात. दोघांचेही आभार. मागच्या वर्षी काही जणांनी मीठ जास्त होते असे सांगितले, ते आम्ही कमी केले. १ ते ८ एप्रिलपर्यंत चार पुडे घेणाऱ्यास पाचवा आमच्याकडून. फोन नसला तरी चालेल, दुकानात या. माल संपल्यास नाव लिहून घेऊ व १५ दिवसांत देऊ. आम्ही लिंक पाठवत नाही, ओटीपी मागत नाही."

यात आभार कोणाचे, कशाबद्दल, भेट काय, केव्हापर्यंत आणि माल संपला तर काय, हे सारे आले. मिठाची ओळ तर फार मोलाची आहे. आपले म्हणणे दुकानाने ऐकले, हे त्या ओळीवरून गिऱ्हाइकाला कळते. पण ही ओळ खरी असेल, तरच लिहावी. आमच्या भागात घरोघरी हिंदीही बोलतात. म्हणून खाली तोच मजकूर हिंदीत दिला तर बरे.

निरोप पाठवतानाही जपावे. सगळ्या गिऱ्हाइकांना एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातले, तर एकाचा नंबर दुसऱ्याला दिसतो. मग एखाद्या बाईला नको त्या माणसाचे फोन येऊ लागतात. त्यापेक्षा 'ब्रॉडकास्ट' यादी करावी. तीत प्रत्येकाला निरोप वेगळा जातो आणि नंबर झाकलेला राहतो. मात्र ज्यांनी दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे, त्यांनाच तो पोहोचतो. म्हणून पुडा देतानाच म्हणावे, "ताई, आमचा नंबर साठवून ठेवा. निरोप नको असेल तर तसे सांगा." कोणी नको म्हटले, तर त्यांचे नाव यादीतून काढावे.

आठ दिवस संपल्यावर बाईने वही उघडावी. किती जण आले, त्यांतले फोन पाहून किती आले आणि दारावरचा कागद वाचून किती आले, हे मोजावे. समजा, ५० आले आणि त्यांतले ३० कागद वाचून आले. मग फोनवरच्या हजाराचे खरे मोल किती आणि दारावरच्या कागदाचे किती, हे बाईला दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.