खताच्या दोन गोण्या सारख्या नसतात; गोणीत नत्र, स्फुरद, पालाश किती किलो, ते असे काढा

नाशिक : उन्हाळ कांद्याच्या लागवडीवेळी दुकानात १०:२६:२६ मिळालं नाही, की त्याऐवजी २०:२०:०:१३ घेऊन जा, असं सांगितलं जातं. गोणी दोन्हीची ५० किलोचीच. पण आतला माल वेगळा असतो, आणि तो गोणीवरच्या आकड्यांत लिहिलेला असतो.

पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. चौथा असेल तर तो बहुतेक गंधकाचा. हे आकडे किलोचे नाहीत, टक्क्यांचे आहेत. म्हणजे १०० किलो खतात तेवढे किलो. गोणी ५० किलोची असेल तर सरळ निम्मे करायचे.

१०:२६:२६ च्या एका गोणीत नत्र ५ किलो, स्फुरद १३ आणि पालाश १३ किलो. २०:२०:०:१३ च्या गोणीत नत्र १०, स्फुरद १० आणि गंधक साडेसहा किलो. पालाशच्या जागी शून्य आहे, म्हणजे पालाश अजिबात नाही.

युरियाला मात्र निम्मे करू नका. त्याची गोणी ४५ किलोची येते. ४६ टक्क्यांनी एका गोणीत २०.७ किलो नत्र बसतं, २३ नाही.

आता एक एकर कांद्याचा हिशोब पाहू. कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद आणि ५० पालाश अशी शिफारस आहे. हेक्टर म्हणजे अडीच एकर, म्हणून एकरी ४०, २० आणि २० किलो झाले. स्फुरद आणि पालाश पूर्ण, तर नत्र निम्मं म्हणजे २० किलो लागवडीवेळी द्यायचं असतं.

२०:२०:०:१३ च्या दोन गोण्या टाकल्या तर नत्र २० आणि स्फुरद २० किलो मिळतं. लागवडीचा डोस बरोबर बसला, वर १३ किलो गंधकही मिळालं. पण २० किलो पालाश राहिलं. त्यासाठी म्युरेट ऑफ पोटॅश घ्यावं लागेल. त्यात ६० टक्के पालाश असतं, म्हणून ३३-३४ किलो पुरे. पूर्ण गोणी लागत नाही.

राहिलेल्या २० किलो नत्रासाठी ४३ किलो युरिया लागतो. तो दोन हप्त्यांत, ३० आणि ४५ दिवसांनी द्यावा. इथं एकरी दोन गोण्या युरिया टाकला तर नत्र ४१ किलो जातं, म्हणजे गरजेच्या दुप्पट. मग पात माजते, माना जाड राहतात आणि कांदा चाळीत लवकर सडतो.

माती परीक्षणाचा अहवाल हाती असेल तर ४०, २०, २० ऐवजी त्यातले आकडे धरा. हिशोबाची रीत तीच राहते. खत बदलून मिळालं तर पैसे देण्याआधी गोणीवरचा तिसरा आकडा नक्की पाहा.