एजीएममध्ये बजेट ‘मंजूर’ झालं, पण नेमकं किती? सोसायटीच्या ठरावात काय लिहायला हवं?

सप्टेंबरमध्ये सोसायटीची वार्षिक सभा होते, चहा-सामोसे होतात, बजेटवर तासभर वाद होतो. आणि ऑक्टोबरचं मेंटेनन्सचं बिल आलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, “हे तर आपण मान्यच केलं नव्हतं!” सेक्रेटरी इतिवृत्ताचा फोटो टाकतात. त्यात एकच ओळ असते : “बजेटवर चर्चा होऊन ते सर्वानुमते मंजूर करण्यात आले.”

भांडणाचं मूळ या ओळीत आहे.

समजा, २४ फ्लॅटची सोसायटी आहे. समितीने सेवा शुल्काचं, म्हणजे वॉचमन, लिफ्ट, जिन्यातले दिवे, साफसफाई अशा खर्चाचं ७,९२,००० रुपयांचं अंदाजपत्रक मांडलं. प्रत्येक फ्लॅटला महिना २,७५० रुपये. पाणीपट्टी आणि सिंकिंग फंड वेगळे. सभेत एक सभासद म्हणाले, बागेसाठी माळी कशाला? त्याचे महिन्याला ६,००० म्हणजे वर्षाचे ७२,००० काढून टाका. मत घेतलं, माळी गेला. उरले ७,२०,०००, म्हणजे फ्लॅटमागे २,५०० रुपये.

आता वरची ओळ पुन्हा वाचा. कोणतं बजेट मंजूर झालं? समितीने छापून वाटलेलं, की सभेत कापलेलं? कागदावर तरी छापलेलंच. त्यामुळे २,७५० चं बिल लावणाऱ्या मॅनेजरला दोष देता येत नाही.

दुसरा घोळ वर्षाचा. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि महाराष्ट्रात वार्षिक सभेची मुदत ३० सप्टेंबरपर्यंत असते. त्यामुळे चालू वर्षाचं बजेट मांडलं असेल, तर त्यातले जवळपास सहा महिने आधीच गेलेले असतात. जुना दर २,२०० होता आणि नवा २,५०० ऑक्टोबरपासून लागला, तर पहिल्या सहा महिन्यांत फ्लॅटमागे दरमहा ३०० रुपये कमी पडतात. २४ फ्लॅटचे मिळून ४३,२०० रुपये. हे कुठून आणायचे, हे सभेनेच ठरवायचं असतं. ठरावात लिहिलं नाही, तर डिसेंबरमध्ये ‘फरकाची रक्कम’ म्हणून एक नवीनच बिल येतं.

मग ठराव कसा हवा? साधारण असा :

“ठराव क्र. ४ : सन २०२५-२६ साठी समितीने मांडलेल्या सेवा शुल्काच्या ७,९२,००० रुपयांच्या अंदाजपत्रकातून माळ्याच्या वेतनाची ७२,००० रुपयांची बाब वगळण्यात यावी व ७,२०,००० रुपयांच्या सुधारित अंदाजपत्रकास मंजुरी देण्यात यावी. सेवा शुल्क प्रति सदनिका दरमहा २,५०० रुपये राहील व ते १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू होईल. एप्रिल ते सप्टेंबर या काळातील ४३,२०० रुपयांची तूट मागील शिलकीतून भागवावी. सुधारित अंदाजपत्रक परिशिष्ट ‘अ’ म्हणून सोबत जोडले आहे. सूचक : … अनुमोदक : … उपस्थित १८, बाजूने १३, विरोधात ४, तटस्थ १. ठराव बहुमताने मंजूर.”

शेवटची ओळ सवयीने गाळली जाते. चार जणांनी हात वर करून विरोध केला असताना ‘सर्वानुमते’ लिहिणं म्हणजे चुकीची नोंद. उपस्थितीचा आकडाही लागतो. आदर्श उपविधींनुसार गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातली कमी असेल ती. म्हणजे इथे १६. ‘उपस्थित १८’ लिहिलं की तो प्रश्न मिटला.

बरं, माळ्यावर कोण काय बोललं हे सगळं इतिवृत्तात यायला हवं का? नाही. कोणी कोणती दुरुस्ती सुचवली, कोणी अनुमोदन दिलं आणि मत काय पडलं एवढं पुरे. कोण चिडून उठून गेलं हे ग्रुपवर राहू द्या.

चूक झालीच, तर ‘पुढच्या महिन्यात सभा घेऊन बदलू’ हेही सोपं नाही. आदर्श उपविधींप्रमाणे ठराव मंजूर झाल्यापासून सहा महिने तो रद्द करणारा ठराव आणता येत नाही. पण नोंदच चुकली असेल, तर वाट वेगळी आहे. समितीने इतिवृत्ताचा मसुदा तीन महिन्यांत तयार करून सभासदांना पाठवायचा असतो आणि तो मिळाल्यावर हरकत कळवायला १५ दिवस असतात. ही हरकत ग्रुपवर टाकू नका, सेक्रेटरींना लेखी द्या आणि पोच घ्या. मजकूर छोटाच ठेवा : “ठराव क्र. ४ मध्ये ७,९२,००० ही रक्कम नमूद आहे. सभेत माळ्याची बाब वगळून ७,२०,००० मंजूर झाले होते. कृपया नोंद दुरुस्त करावी.” माळी हवा की नको, हा वाद या पत्रात पुन्हा काढू नका. नाहीतर दुरुस्ती बाजूला राहते आणि समिती त्यालाच उत्तर देत बसते.