मागे फिरताना आकडा खोडा

संगणकातला वृक्ष उलटा असतो: मूळ वर, पानं खाली. प्रश्न असा, की मुळापासून पानापर्यंतच्या कोणत्या वाटांवर आकड्यांची बेरीज 22 होते? समजा, मुळाशी 5 आहे. त्याच्या डावीकडे 4, उजवीकडे 8. 4 च्या खाली 11 आणि त्याखाली 7 व 2 ही दोन पानं. 8 च्या खाली 9 हे एकच पान.

एका वाटेनं थेट तळाशी जायचं, जाताना आकडे यादीत लिहायचे. 5, 4, 11, 7 म्हणजे 27, जमलं नाही. मग 11 पर्यंत मागे यायचं, यादीतला 7 खोडायचा आणि 2 लिहायचा. झाले 22! खोडायला विसरलात तर यादीत 5, 4, 11, 7, 2 दिसतात. बेरीज वेगळी मोजत असाल तर ती 22 च सांगते, त्यामुळे चूक लपते; यादीचीच बेरीज केली की 29 भरतात. उत्तर सापडल्यावरही खोडावंच लागतं, नाहीतर 5, 8, 9 ही दुसरी वाट बिघडते.

पायथॉनमधली खरी डोकेदुखी पुढेच आहे. प्रत न काढता तीच यादी उत्तरांत ठेवली, तर सगळं खोडून झाल्यावर हाती दोन रिकाम्या याद्या उरतात. म्हणून `ans.append(path[:])` असंच लिहा.