तक्त्यातले ३८ कुणाचे?

व्हॉट्सॅपवर कुर्ते विकणाऱ्या ताई आधी कुर्त्याचे चार-पाच फोटो टाकतात आणि शेवटी मापांच्या तक्त्याचा एक. कुर्त्यांचे फोटो छान उजेडात काढलेले असतात. तक्त्याचा मात्र घाईघाईत, तिरका, कधी पाकिटाच्या चकाकत्या प्लॅस्टिकवरून घेतलेला. खाली एक वाक्य: ‘साइझ लवकर कळवा, दोनच पीस शिल्लक.’ मग आपण आपल्या छातीच्या आकड्याला जवळचा आकडा शोधतो, त्याच्या डावीकडचं अक्षर पाहतो आणि कळवून टाकतो.

एक उदाहरण घेऊ. सुती, सरळ कटचा, बाजूला चिरा असलेला कुर्ता आहे. घेणारीच्या अंगाचं माप छाती ३७ इंच, कंबर ३३ इंच. तक्त्यात एमपुढे छाती ३८, कंबर ३४ आणि एलपुढे छाती ४०, कंबर ३६. पहिल्या नजरेत एम. सदतीसला अडतीस, तेहेतीसला चौतीस, दोन्हीकडे इंच इंच जागा. आणि नेमका हाच कुर्ता घरी आल्यावर बगलेत काचण्याची, बसल्यावर पोटावर आडव्या घड्या पडण्याची शक्यता मोठी.

कारण तक्त्यातले ३८ हे कुणाचे आहेत, ते आपण विचारलेलं नाही. मापांचे तक्ते दोन जातींचे असतात. एका जातीत अंगाचं माप दिलेलं असतं: ज्या बाईची छाती ३८ आहे तिने एम घ्यावा, कुर्ता शिवताना लागणारी सैल जागा कारखान्याने आधीच धरली आहे. दुसऱ्या जातीत शिवलेल्या कुर्त्याचं माप असतं: हा कुर्ता छातीपाशी गोल मोजला तर ३८ इंच भरतो, आत तुमचं अंग आणि हालचाल दोन्ही मावली पाहिजेत. तक्ता पहिल्या जातीचा असेल तर आपल्या उदाहरणातल्या बाईने डोळे मिटून एम घ्यावा. दुसऱ्या जातीचा असेल तर एममध्ये तिला छातीला आणि कंबरेला जेमतेम एकेक इंच मिळतो, एलमध्ये तीन-तीन. न ताणणाऱ्या सुती कापडाच्या कुर्त्याला छातीला किमान दोन इंच तरी लूजिंग हवं. हात वर करून लोकलची कडी धरायची असेल तर तीन बरे. म्हणजे त्याच अंगाला, त्याच आकड्यांवरून, एकदा एम बरोबर आणि एकदा एल बरोबर.

तक्ता कोणत्या जातीचा, हे फोटोवरूनच बऱ्याच वेळा कळतं. वर ‘टू फिट बस्ट’ असं छापलेलं असेल तर माप अंगाचं. ‘गारमेंट’ हा शब्द कुठे दिसला, किंवा छाती-कंबरेच्या शेजारी बाहीची लांबी आणि कुर्त्याची उंची हे रकाने असतील, तर माप बहुतेक कापडाचं, कारण बाही आणि उंची माणसाची नसते, कुर्त्याची असते. पण काही तक्त्यांत छाती-कंबर अंगाची आणि उंची कुर्त्याची अशी खिचडीही असते, त्यामुळे एवढ्यावर थांबू नये. छाती आणि कंबर यांतला फरक पाहावा. अंगाच्या मापांच्या तक्त्यांत कंबर छातीपेक्षा साधारण सहा ते आठ इंचांनी कमी धरलेली असते. सरळ कटच्या कुर्त्यात मात्र कंबरेला एवढी आत घेतलेलीच नसते. तिथे फरक दोन-चार इंचांचा. आपल्या तक्त्यात ३८ आणि ३४, फरक चारचा. म्हणजे हे माप कुर्त्याचं असावं. कंबरेला घट्ट बसणाऱ्या कटला ही खूण चालत नाही, हे ध्यानात ठेवायचं.

आकड्यांकडे पाहताना आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी. एका साइझवरून पुढच्या साइझवर जाताना छाती किती वाढते? ३६, ३८, ४०, ४२ अशी दोन-दोनची उडी असेल तर इंच आणि पूर्ण गोल माप. १८, १९, २०, २१ अशी एकेकाची असेल तर कुर्ता आडवा पसरून एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत मोजला आहे, आकड्याची दुप्पट करायची आणि माप कुर्त्याचंच आहे हे आपोआप सिद्ध झालं, कारण माणूस असा आडवा पसरून मोजता येत नाही. ९१, ९६, १०१ असं पाच-पाचने वाढत असेल तर सेंटिमीटर. अडीचने भागलं की ढोबळ इंच मिळतात, २.५४ ने भागलं की नेमके.

हीच उडी फोटोतल्या चुका पकडायलाही कामी येते. अंधुक फोटोत ३ आणि ८, ६ आणि ८ यांची हमखास गल्लत होते. एकाखाली एक ३६, ३६, ४० असं दिसलं तर मधला आकडा ३८ आहे, हे न विचारता समजायला हरकत नाही. मोठ्या साइझना उडी वाढू शकते, पण मधेच शून्य होत नाही. तिरक्या फोटोचा घोळ निराळा. डावीकडे एमवर ठेवलेलं बोट सरळ उजवीकडे नेलं की ते कंबरेच्या रकान्यात पोचेपर्यंत एलच्या ओळीवर घसरलेलं असतं. म्हणून नजर आडवी न नेता तक्त्याच्या छापील रेघेला कागदाची कड स्क्रीनवर टेकवावी आणि तिच्या बाजूने वाचावं. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत अर्ध्या इंचाचा फरक पडू शकतो असं लिहिलेलं असतं आणि फोटोत नेमका तोच भाग कापला जातो. तो गृहीतच धरावा. एममध्ये मिळणारा एक इंच त्या अर्ध्या इंचाने किती लवकर संपतो ते बघा. त्यात सुती कापड पहिल्या धुण्यात दोन टक्के जरी आटलं, तरी ३८ मधला पाऊण इंच गेला.

आता आपलं माप. छाती सगळ्यात भरलेल्या जागी मोजायची, हात खाली सोडून, टेप पाठीमागे खांद्यांच्या पात्यांवर सरळ ठेवून. टेप मागे दोन इंच घसरला की आकडा चुकलाच. कुर्त्याखाली जे घालणार तेच घालून मोजावं. जाड पॅडची ब्रा आणि साधी ब्रा यांत सहज इंचभर फरक पडतो. कंबर म्हणजे सलवारीची नाडी बांधतो ती जागा नव्हे. एका बाजूला वाकलं की जिथे घडी पडते, बेंबीच्या थोडं वर, तिथे मोजायचं. पोट आत ओढायचं नाही. टेप स्वतःला फसवण्यासाठी नसतो, आणि इथे आकडा कमी आला म्हणून कुणी बक्षीस देत नाही.

तरी शंका उरलीच तर कपाटातला अंगाला बरोबर बसणारा, तशाच कापडाचा आणि तशाच कटचा कुर्ता काढावा. बटणं लावून, पलंगावर न ताणता सपाट पसरावा आणि एका बगलेच्या खाली शिवणीपासून दुसऱ्या बगलेच्या शिवणीपर्यंत मोजावं. २० इंच भरले, दुप्पट ४०. मग त्याच रेषेत खाली, कंबरेपाशी. १८ आले तर ३६. आपल्या उदाहरणात हे नेमके एलचे आकडे. माझ्या मते कपड्याची कपड्याशी तुलना ही अंगाच्या मापापेक्षाही भरवशाची, कारण तुम्हाला किती सैल आवडतं, हे त्यात आधीच मोजलेलं आहे. तक्ता अंगाच्या मापाचा असेल तर मात्र ही तुलना करू नये, आकडे चुकीच्या दिशेला नेतील.

खरी पंचाईत छाती आणि कंबर दोन वेगळ्या साइझकडे बोट दाखवतात तेव्हा होते. समजा छाती ३७ च आहे, पण कंबर ३६. बाळंतपणानंतर किंवा पन्नाशीच्या पुढे हे अगदी नेहमीचं. एल छातीला तीन इंच सैल, कंबरेला मात्र शून्य. एक्सएल (४२ आणि ३८) कंबरेला दोन इंच देतो, पण छातीला पाच. इथे टेलरकाकांच्या नजरेने पाहावं लागतं. एल घेऊन कंबर उसवून वाढवायची म्हटलं तर बाजूच्या शिवणी दोन आणि प्रत्येक शिवणीत पुढचा-मागचा असे दोन पदर, एकूण चार. प्रत्येक पदरातून पाव इंच सोडला की घेर एक इंचाने वाढतो. दोन इंच हवे तर प्रत्येक पदरात अर्धा इंच, शिवाय नव्या टिपेसाठी थोडं कापड. आतलं मार्जिन कधी एवढं असतं, कधी इंटरलॉकने कडेपर्यंत कापून टाकलेलं असतं. बाजूच्या चिरेपाशी उसवलेल्या जुन्या टिपेच्या भोकांची रांगही दिसत राहते. एक्सएल घेतला तर छातीला दोन इंच दाबून घेणं सोपं, बगलेपासून कंबरेपर्यंत निमुळती टीप मारली की झालं. बाही असेल तर तिचीही शिवण थोडी घ्यावी लागते. मात्र खांदा बाजूची टीप मारून लहान होत नाही. म्हणून एक साइझ मोठा घेऊन दाबावा, दोन साइझ मोठा घेऊ नये. मुंढा लोंबतो आणि कुर्ता दुसऱ्याचा वाटतो.

होजियरीच्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाला हा सगळा हिशेब लागत नाही. तिथे कुर्ता अंगाएवढा किंवा किंचित लहान असला तरी चालतो. रेयॉन आणि क्रेप मऊ असतात, पण मऊ म्हणजे ताणणारे नव्हेत, त्यांना सुतीचाच नियम लावावा.

आणि एमचं एम एवढं सगळीकडे का वेगळं, तर अक्षरामागे सगळ्यांनी पाळायचं एकच माप नाही. भारतीय अंगाची मापं घेऊन तसा तक्ता बनवण्यासाठी निफ्टने ‘इंडियासाइझ’ हा सर्वेक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांत, त्यांत मुंबईही, २५ हजारांवर लोकांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची अशी त्याची आखणी. प्रत्येक कारखाना आपापल्या अंदाजाने अक्षरं वाटतो.

फोटोवरून कळलं नाही तर विचारावं, पण ‘मला कोणता बसेल?’ असं विचारू नये. त्याला उत्तर ‘एल घ्या ताई, बरोबर होईल’ असंच येतं. ‘ताई, हे माप अंगाचं आहे की कुर्त्याचं? कुर्ता पसरून बगलेपासून बगलेपर्यंत टेप लावून फोटो टाकाल का?’ असं विचारावं. फोटो आला की टेपचं टोक शिवणीवर खरोखर शून्यावर आहे ना, आणि दिसतेय ती बाजू इंचाची आहे ना, एवढं पाहून घ्यावं.

आणि तक्ते टाकणाऱ्या तायांनाही एक विनंती. फोटोखाली एक ओळ लिहा: ‘मापं कुर्त्याची, पूर्ण गोल, इंचात.’ परत येणारी निम्मी पाकिटं तरी तिथेच थांबतील.